धुरीला चालेल

शर्मिलाताईंच्या घरातून कुठलीही वस्तू सुखासुखी बाहेर पडत नसे. नारायण पेठेतला तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्या-स्वयंपाकघराचा तो फ्लॅट, पण माळा असा भरलेला की यजमान अभयराव म्हणायचे, "एक दिवस हा माळा खाली येईल आणि आपण वर जाऊ." फुटक्या कपात सुया, चेपलेल्या डब्यात मोहरी, आणि ज्याला काहीच काम उरलं नाही ते कुणाला तरी द्यायचं. द्यायचं म्हणजे कामवाल्या मावशींना, इस्त्रीवाल्याला, नाहीतर जिन्याखाली झोपणाऱ्या वॉचमनला. टाकून देणं ताईंना पाप वाटे. आपल्याला नको झालेलं दुसऱ्याला दिलं की ते पुण्यात जमा होतं, असा त्यांचा हिशेब होता, आणि अर्ध्या पेठेचा तोच असतो.

त्या डिसेंबरात त्यांची लेक सोनाली बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. कौतुकाला पारावार नव्हता. मालिशीला तुळजाबाई ठरल्या होत्या, कारण दुसरं कोण असणार? सोनालीला तिच्या जन्मानंतर पायावर घेऊन न्हाऊ घातलं ते ह्याच तुळजाबाईंनी. तेव्हा त्या पेठेतच एका खोलीत राहत. आता लेकाकडे, शहराबाहेर मांजरी गावात. वय सत्तरीला टेकलेलं, तरी सकाळी दोन बस बदलून साडेआठला दारात हजर. त्यांचे हात बघण्यासारखे होते. रुंद, जाड बोटांचे, आणि बाळाच्या टाळूवर तेल घालताना इतके हलके की झोपलेलं बाळ जागं होत नसे. चाळीस वर्षांत पेठेतली किती पोरं त्या पायांवरून गेली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

न्हाणं झालं की धुरी. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा आणि लसणीची सालं टाकायची, बाळंतिणीच्या खाटेखाली सरकवायची आणि बाळाला वरून फिरवायचं. सोनाली नाक मुरडायची. "आई, डॉक्टर नको म्हणतात धूर." पण ताईंनी ऐकलं नाही. "तुला दिली होती धुरी, तू नाही वाढलीस?"

तुळजाबाईंनी धुरीसाठी मातीचं जाड खापर आणून ठेवलं होतं. बाळ एकवीस दिवसांचं झालं त्या सकाळी ते खापर तडकलं. निखारे तयार होते. खालच्या इस्त्रीवाल्याकडून आणलेले कोळसे आणि दोन करवंट्या गॅसवर लालबुंद होऊन बसल्या होत्या. तुळजाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"ताई, लोखंडाचा तवा द्या की एखादा जुना."

लोखंडाचा तवा ह्या घरातून सहा वर्षांपूर्वीच गेला होता, नॉनस्टिक आलं तेव्हा. कुणाला तरी दिला होता, अर्थातच. पण सिंकखाली एक नॉनस्टिकचा खोलगट पॅन पडून होता. त्याची कथा अशी, की आठवड्यापूर्वी ताईंच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. नॉनस्टिकला चरे पडले की त्यातून विष सुटतं, खाल्लं की कॅन्सर, दहा जणांना पाठवा. ताईंनी दहाच्या ठिकाणी तीस जणांना पाठवला आणि स्वतःच्या पॅनकडे पाहिलं. मधोमध स्टीलच्या कालथ्याचे चरे, कडेला थर सोलवटलेला. सोनालीनेही फर्मान काढलं, "त्यात माझ्यासाठी काही करायचं नाही हं, मी अंगावर पाजतेय." मग पॅन ओट्यावरून सिंकखाली गेला. टाकला मात्र नाही.

ताईंनी तो काढून पुढे केला. "हा घ्या. खायला नाही चालत, धुरीला चालेल."

तुळजाबाईंनी पॅन हातात घेतला, उलटा केला, नखाने थर खरवडून बघितला. "ह्याचा काळा रंग जळंल, ताई. वास मारंल. मातीचं न्हाईतर लोखंडाचं कायबी द्या. कुंडीखालची बशी द्या हवं तर."

आणि इथे शर्मिलाताई ते वाक्य बोलल्या. पुढे कित्येक दिवस ते त्यांच्या कानात राहिलं. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं? चांगल्या कंपनीचा आहे. बाळ उघडं आहे तिकडे, चला."

तुळजाबाई गप्प बसल्या. दुसऱ्याच्या घरात चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला गप्प कधी बसायचं ते बरोबर कळतं. चिमट्याने निखारे पॅनमध्ये ठेवले, ओवा टाकला, आणि पॅन खोलीत नेला. खिडक्या बंद होत्या, दार लोटलेलं, कारण बाळाला वारा लागायचा नव्हता. तुळजाबाई वाकून फुंकर घालत होत्या.

दोन-तीन मिनिटं ओव्याचा वास आला. मग दुसराच. तिखट, घशात अडकणारा, प्लॅस्टिक जळाल्यासारखा आणि तरी नेमका तसाही नाही. सोनाली खोकली. तुळजाबाईंनी एक क्षण नाक वर केलं, आणि मग जे केलं ते फार झटकन केलं. बाळाला उचलून पदरात गुंडाळलं, खिडकीची दोन्ही दारं उघडली, आणि बाळ घेऊन थेट बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. "सोनाबाई, उठा, भाईर या!"

"अहो, करताय काय!" ताई धावत आल्या. बाहेर डिसेंबरची बोचरी सकाळ. नुकतं न्हालेलं बाळ. "वारा लागेल तिला! आत आणा आधी!"

"वास चांगला न्हाई ताई त्यो."

"आणा आत म्हणते ना!"

तुळजाबाई आत आल्या नाहीत. ताईंनी तणतणत पॅन मोरीत नेला आणि त्यावर पाणी ओतलं. त्याच्या तळाचा थर तपकिरी होऊन पापुद्र्यासारखा सुटला होता. त्यांनी तो पेपरात गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं भांडं असं विचार न करता टाकलं असेल.

बाळंतिणीच्या खोलीत दाराशी अभयरावांचा पिंजरा टांगलेला असे. दोन लव्हबर्ड्स, एक हिरवा, एक निळा. अकराच्या सुमाराला अभयराव दाणे घालायला गेले तर दोन्ही पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले. अभयराव बराच वेळ तिथे उभे होते. "थंडीने गेले असतील," ताई म्हणाल्या, "आज खिडक्या सताड उघड्या होत्या ना." अभयरावांनी दोघांना रुमालात गुंडाळलं आणि खाली सोसायटीच्या तगरीपाशी पुरलं. त्या दुपारी ते जेवले नाहीत.

संध्याकाळी सोनालीला हुडहुडी भरली. अंगात ताप, छातीवर दगड ठेवल्यासारखं, कोरडा खोकला. आणि आठ वाजता तिने बाळाकडे पाहिलं तेव्हा बाळाच्या बरगड्या आत-बाहेर होत होत्या, भराभरा, पोट वर-खाली. ताईंनी बाळ उचललं आणि तशाच जिन्याकडे धावल्या. रिक्षात बसेपर्यंत त्यांना चप्पल घातली नाही हेही कळलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकाशी ऑक्सिजन. सोनालीलाही खाटेवर झोपवलं. आणि रात्रभर त्या कॉरिडॉरमध्ये एकच गोष्ट पुन्हापुन्हा बोलली गेली. तुळजाबाईंनी खिडकी उघडली. न्हालेल्या बाळाला गार वाऱ्यात नेलं. सांगून ऐकलं नाही. सोनाली तापात म्हणाली, "त्यांना सांग, परत आमच्या घरात पाय ठेवू नका." ताईंनी मान हलवली. तेव्हा त्यांनाही ते खरंच वाटत होतं, एवढं तरी त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. बालरोगतज्ज्ञ आमोद, चाळिशीचा, शांत माणूस. सोनालीचा ताप उतरायला लागला होता. त्याने बाळाचे कागद पाहिले, मग ताईंना आणि अभयरावांना बाजूला घेतलं.

"हे नुसत्या सर्दीचं वाटत नाही. आई आणि बाळ, दोघांना एकाच संध्याकाळी. घरात काही जळलं होतं का?"

"धुरी दिली होती," अभयराव म्हणाले.

डॉक्टरचा चेहरा आंबट झाला. "एकवीस दिवसांच्या बाळाला बंद खोलीत धूर. तो कुठलाही असो, वाईटच. आणि कोळशाचा तर वायूही असतो, त्याला वासही नसतो. पण मोठ्या माणसाला काही तासांनी हुडहुडी, ताप, छाती जड... घरात पक्षी आहे का हो?"

अभयराव एकदम म्हणाले, "होते. दोन. कालच गेले."

डॉक्टरने हातातले कागद मिटले. "निखारे कशात ठेवले होते?"

शर्मिलाताईंना तो कॉरिडॉर आठवतो. फिनेलचा वास, भिंतीवर हात धुण्याची चित्रं. त्यांच्या तोंडून जे आलं ते इतकं सहज आलं की त्यांनाच नवल वाटलं. "कुठलातरी जुना नॉनस्टिक पॅन होता. बाईंनीच घेतला कुठूनतरी. मी कामात होते."

"मग बहुतेक तेच." डॉक्टर सांगायला लागला, आणि ताईंना एकेक शब्द ऐकावा लागला. नॉनस्टिकचा थर रोजच्या मंद आचेवर काही करत नाही. पण रिकामा पॅन मोठ्या गॅसवर चार-पाच मिनिटं विसरला तरी तो इतका तापतो की थर विघटित व्हायला लागतो आणि त्यातून विषारी वाफ निघते. निखारे तर त्याहून कितीतरी गरम. मोठ्या माणसाला तापासारखं होतं, बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. पक्ष्यांची फुप्फुसं नाजूक, ते मिनिटांत जातात. एवढ्या लहान बाळाला जपावं लागतं. "शंभर टक्के ह्यानेच झालं असं मी लिहून देणार नाही. धूरही होताच. पण पक्षी गेले म्हणता, तर मला शंका फार कमी आहे."

"त्याला चरे पडले होते ना," ताई म्हणाल्या. का म्हणाल्या देव जाणे. "म्हणून विष सुटलं असेल. मेसेज आला होता."

"चऱ्यांचं उलट आहे. चरा पडून एखादा कपचा पोटात गेला तरी तो तसाच बाहेर पडतो, अंगात मुरत नाही. चरे फार झाले, थर सोलवटला, की पॅन बदलावा, अन्नही चिकटतं त्याला. पण मंद आचेवर लाकडी कालथ्याने अंडं केलं असतंत तर काही बिघडलं नसतं. बिघडलं ते तापवल्याने."

म्हणजे ज्यात खाल्लं असतं तर चाललं असतं, ते त्यांनी खायला नको म्हणून बाजूला काढलं. आणि ज्याला मुळीच चाललं नसतं, त्याला दिलं.

"खिडकी लवकर उघडली ते मात्र नशीब," डॉक्टर जाता जाता म्हणाला. "बाळ तिथे आणखी पाच मिनिटं असतं तर आज मी असा गप्पा मारत उभा नसतो."

आता बोलायला हवं होतं. ताईंना ते कळत होतं. पण अभयराव तोवर आत गेले, सोनालीला सगळं सांगून मोकळे झाले, आणि सोनाली रडत म्हणाली, "म्हणजे आधी विषारी भांडं घेतलं आणि मग घाबरून खिडकी उघडली! चाळीस वर्षं हेच करतात का त्या?" त्या रडण्यापुढे ताईंचं तोंड उघडलं नाही. लेक आपल्याकडे कशी बघेल, एवढाच विचार होता. नातीला जवळ देईल का, हा त्याच्या पोटातला दुसरा.

अभयरावांनी तिथूनच मांजरीला फोन लावला. तुळजाबाईंच्या लेकाने, भैरूने, उचलला. "तुमच्या आईने कुठूनतरी पॅन घेतला आणि आमच्या बाळाला विषारी धूर दिला. पोलिसात जात नाही हे उपकार समजा." पक्ष्यांचं दुःख, बाळाची भीती, सगळं त्या एका वाक्यात गेलं. पलीकडे भैरूने कुणाला तरी विचारल्याचं ऐकू आलं, "आये, पॅन तू घेतला व्हता का?" मग फोन बंद झाला.

चार दिवसांनी बाळ घरी आलं. गुलाबी, भुकेलं, आवाज आधीपेक्षा मोठा. पेढे वाटले. पेढ्यांबरोबर गोष्टही वाटली गेली. चौथ्या मजल्यावरच्या कुसुमवहिनींची सून फेब्रुवारीत बाळंत व्हायची होती, तुळजाबाईंना सांगून ठेवलेलं. वहिनी जिन्यात ताईंचा हात धरून म्हणाल्या, "बरं झालं बाई तुमच्यामुळे कळलं. मी लगेच नको म्हणून कळवलं त्यांना." मागच्या गल्लीतल्या दोन घरांनीही तसंच कळवलं. ताई "हो ना" म्हणाल्या आणि वर येऊन बाथरूममध्ये नळ सोडून बसल्या.

त्या दिवसांत त्यांना झोप नव्हती. बाळाची टाळू दिसली की ते रुंद हात दिसत. बाळ घेऊन गॅलरीत उभी राहिलेली ती म्हातारी दिसे, आणि तिच्यावर ओरडणारा स्वतःचा आवाज ऐकू येई. ती आत आली नाही म्हणून ही आज दूध पिते आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पॅन कुणी दिला ते आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस बोललं नव्हतं. ते का बोललं नाही, हे ताईंना कळत नव्हतं, आणि तेच जास्त टोचत होतं.

चाळीस दिवस पुरे झाले की मालिशवाल्या बाईला साडी-चोळी देतात. बाळाचा दुसरा महिना संपत आला तेव्हा एका दुपारी ताईंनी लक्ष्मी रोडवरून चांगली इरकल घेतली, घरी खोटं सांगितलं आणि मांजरीच्या बसमध्ये बसल्या.

मांजरी त्यांनी कधी पाहिली नव्हती. एका बाजूला वीस मजली इमारती, दुसऱ्या बाजूला उभा ऊस, आणि मधे पत्र्याचं नवं, विटांचं जुनं असं भैरूचं घर. दारात ट्रॅक्टर. अंगणात दोरीवर दुपटी वाळत होती, रांगेने, पांढरी.

आत खाटेवर एक कोवळी बाळंतीण होती. भैरूची मुलगी संस्कृती, तुळजाबाईंची नात, पहिलटकरीण. झोळीत आठवड्याचा मुलगा. तुळजाबाई मात्र खाटेजवळ नव्हत्या. त्या दूर, उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात पदराखाली.

"या ताई," त्या म्हणाल्या, जणू कालच भेट झाली होती. "बाळ कसं हाय?"

"छान आहे." ताई खाली बसल्या. साडीची पिशवी पुढे सरकवली. "चाळीस दिवसांची."

"पुरं कुठं केलं म्या? एकवीस दिसांत गेले. साडी कशाची?"

भैरू आतून आला, ताईंना पाहून दारातच थांबला. पाणी द्यायला त्याने कुणाला सांगितलं नाही. कुठल्यातरी मावशी बाळाच्या न्हाण्याचं पाणी घेऊन आल्या, बाळाला पायावर घेतलं आणि मालिश सुरू केलं. हात अनोळखी होते, घाईचे. बाळ कर्कश रडत होतं. तुळजाबाई त्या हातांकडे बघत होत्या आणि प्रत्येक रगड्याला त्यांचे खांदे हलत होते.

"तुम्ही नाही घालत न्हाऊ?" ताईंनी विचारलं.

उत्तर भैरूने दिलं. "तुमच्या घरनं फोन आल्यापासनं तिला कोण हात लावू देईल? जावईबापूंच्या घरचे म्हणाले, म्हातारीला पोरापाशी फिरकू देऊ नका. म्या बी म्हणालो, उगं कशाला."

आणि मग शर्मिलाताई बोलल्या. इतके दिवस मनात घोळवलेली वाक्यं आली नाहीत, तुटक आलं. पॅन मी दिला. त्या नको म्हणत होत्या. बशी द्या म्हणाल्या. मीच ओरडले. खिडकी त्यांनी उघडली म्हणून माझी नात वाचली, डॉक्टर म्हणाले तसं. मी खोटं बोलले. बोलता बोलता त्यांचं नाक वाहायला लागलं आणि त्यांनी ते नव्या साडीच्या पिशवीनेच पुसलं.

भैरूने आईकडे पाहिलं. "आये, तू बोलली का न्हाईस? म्या इचारलं व्हतं तुला."

"काय बोलू," तुळजाबाई म्हणाल्या. "सोनाबाई वली बाळंतीण. तापात. त्या टायमाला आईवरनं मन उडालं तर बाळंतिणीनं जावं कुठं? म्हनलं, ताई सांगतील चार दिसांनी." मग थोडं थांबून, अगदी साध्या आवाजात, "म्या वाट बघितली, ताई."

ताईंनी पर्समधून फोन काढला. तिथेच बसून, सगळ्यांसमोर सोनालीला लावला, आणि पहिल्यापासून सांगितलं. पलीकडे बाळ कुरकुरत होतं. शेवटी सोनालीचा आवाज आला, लांबून आल्यासारखा. "आई, मी त्यांना पाय ठेवू नका म्हणाले होते. माझ्या तोंडून वदवलंस तू ते." आणि फोन ठेवला. हीच भीती होती. ती खरी झाली, आणि आता लपवायला काही उरलं नव्हतं.

संस्कृती खाटेवरून उठली. तिने मावशींच्या पायावरून रडणारं बाळ उचललं, तसंच तेलाने माखलेलं, आणि उंबऱ्यापाशी येऊन आजीपुढे धरलं. "आज्जे, घे तू. तूच घाल."

तुळजाबाईंनी पदराखालून हात काढले. तेच रुंद, जाड बोटांचे हात. ते बाळाच्या दिशेने गेले आणि मधेच कापायला लागले. त्यांनी ते मागे घेतले, पुन्हा पुढे केले. पुन्हा तेच. मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून टाकले.

"न्हाई ग. हाताला भ्या बसलंय. रोज सकाळी पायावर उशी घेऊन करून बघते, ऐकत न्हाईत. पोर निसटंल." त्या हसल्या, ओशाळल्यासारख्या. "नेऊ दे मावशीला. मावशे, टाळू जपून ग, बोटाच्या पोटानं, नख लावू नगंस."

संस्कृतीने बाळ छातीशी धरलं आणि तशीच उभी राहिली. अंगणातल्या दुपट्यांवर ऊन उतरत होतं. ताई उठल्या, तर पिशवी तिथेच राहिली, आणि कुणी ती उचलून परतही दिली नाही.

त्या दारापर्यंत गेल्या तेव्हा तुळजाबाईंनी हाक मारली.

"ताई, नातीच्या टाळूला तेल घालता न्हवं रोज?"

"घालते."

"कोण, तुम्ही?"

"हो. मीच."

तुळजाबाई त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. "कोमट करून घाला," त्या म्हणाल्या. "लोखंडाच्या पळीत."